'फारसं' कापू नका

संपादक महोदय,

परवाच्या पुरवणीतला क्लिनिकच्या जाहिरातीवरचा लेख वाचला आणि चहा गार झाला. लेखकमहाशय म्हणतात की पेशंटचा रिव्ह्यू म्हणजे आयतं कॅप्शन, कॉपी करा, नाव काढा, चार चमकत्या ओळी जोडा आणि टाका पोस्ट. वा! मी एका डेंटल क्लिनिकचं रिसेप्शन सांभाळते आणि त्याच क्लिनिकचं इन्स्टा पण माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे हा सल्ला पाळला की काय होतं हे मला चांगलंच माहितीये, कारण मी तो पाळलेला आहे. तेव्हा तर तुमचा लेखही आला नव्हता, माझं मीच डोकं चालवलं होतं.

झालं असं की आमच्याकडे एक गृहस्थ रूट कॅनालसाठी आले, मुलांना खेळ शिकवणारे कोच, मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला आवाज जाईल असा माणूस. आणि खुर्चीत बसल्यावर लहान पोरासारखे रडले. नंतर घरी जाऊन त्यांनी रिव्ह्यू लिहिला, तो मला अजून पाठ आहे: "लहानपणापासून दातांच्या डॉक्टरची भीती. खुर्चीत बसलो आणि रडलोच. शुगर आहे म्हणून आधीच्या डॉक्टरांनी तीनदा परत पाठवलं. इथे मॅडम म्हणाल्या, डावा हात वर केलात की मी थांबणार, आणि खरंच दोनदा थांबल्या. दुखलं नाही फारसं. दोन दिवस चावताना जाणवलं मग गेलं. पार्किंगची मात्र बोंब."

आता एवढा सोन्यासारखा मजकूर हातात आल्यावर मी काय केलं, तर "खुर्चीत रडणारा पेशंट हसत बाहेर पडला! शुगर असूनही १०० टक्के वेदनारहित रूट कॅनाल!" असं लिहिलं, खाली दोन वाक्यं जशीच्या तशी अवतरणात टाकली, आणि सही म्हणून "एक समाधानी पेशंट". नाव काढलं होतं ना, मग काय, झालं काम असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, तेच जास्त लागलं. त्यांच्याकडे शिकणाऱ्या एका मुलाच्या आईने आमची पोस्ट बघितली, मुलाने त्यातलं अवतरणातलं वाक्य उचलून सर्चमध्ये टाकलं, आणि मूळ रिव्ह्यू फोटोसकट समोर. मैदानावर पोरं डावा हात वर करून "सर थांबा थांबा" करत होती म्हणे. आणि शुगरचं तर त्यांनी बरोबरच्या कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

यावर लेखकमहाशय म्हणतील (आमच्या डॉक्टरसुद्धा पहिल्यांदा हेच म्हणाल्या) की अहो, त्यांनी स्वतःच तर सगळ्यांसमोर लिहिलं होतं. लिहिलं होतं, बरोबर. पण चाळीस रिव्ह्यूंच्या खाली कुठेतरी, जो मुद्दाम शोधत येईल त्याला दिसेल असं. ते वर काढून, रंगीत पाटी लावून, आमच्या नावाने मिरवायचा हक्क त्यांनी आम्हाला कधी दिला? पेशंट स्वतःबद्दल हवं ते बोलू शकतो, क्लिनिकने तेच बोललं की ती पेशंटची माहिती फोडणं होतं. अमेरिकेत २०१९ मध्ये डॅलसच्या एका डेंटल क्लिनिकला यावरूनच १०,००० डॉलर भरावे लागले होते, आणि तिथे तर नुसत्या रिव्ह्यूला उत्तर देताना पेशंटचं आडनाव आणि तब्येतीच्या गोष्टी लिहिल्या होत्या. म्हणजे "थँक्यू, तुमची दाढ आता कशी आहे" असं प्रेमाने विचारणं पण जपूनच, कारण त्यातून हा आमचा पेशंट आहे आणि दाढेचं काम झालंय हे आपण जाहीर करतो.

मी पोस्ट काढली, माफी मागितली, आणि सगळ्यात आधी माझंच कॅप्शन घेऊन बसले की बाई तू नक्की काय काय केलंस. रडणं आणि शुगर या दोन्ही गोष्टी त्यांच्या, आमच्या नव्हेत. "आधीच्या डॉक्टरांनी परत पाठवलं" हे मी सुदैवाने टाकलं नव्हतं, नाहीतर शुगर आटोक्यात नसताना थांबायला सांगणारा डॉक्टर बहुतेक बरोबरच असतो आणि आम्ही उगाच त्याच्यावर चिखल उडवला असता. पण माझ्या मते सगळ्यात वाईट काम मी एका शब्दाचं केलं. त्यांनी लिहिलं होतं "दुखलं नाही फारसं". मी "फारसं" खाल्लं आणि "१०० टक्के वेदनारहित" केलं. पेशंटने "मला फारसं दुखलं नाही" म्हणणं हा त्याचा अनुभव आहे, क्लिनिकने "दुखत नाही" म्हणणं हे वचन होतं, आणि ते कुठलाच डेंटिस्ट देऊ शकत नाही. सुजलेल्या दाढेत इंजेक्शन कधीकधी नीट लागत नाही, पुन्हा द्यावं लागतं, हे आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशींना पण माहितीये.

आणि गंमत म्हणजे त्या रिव्ह्यूत विश्वास बसेल असं जे होतं ते वेगळंच होतं. डावा हात! तोंड उघडं, गाल बधिर, वर दाताला रबराचा पडदा लावलेला, अशा वेळी माणसाला बोलताच येत नाही आणि खरी भीती तिथेच असते, की मला दुखलं तर मी सांगणार कसं. "उत्तम सेवा, छान स्टाफ" वाचून घाबरलेला माणूस येत नाही, ते सगळ्याच क्लिनिकच्या भिंतीवर असतं. "दोनदा थांबल्या" यावर मात्र तो विश्वास ठेवतो, कारण ते कोणी उगाच रचून लिहीत नाही, आणि स्वतः खुर्चीत बसल्यावर त्याला ते तपासून पण बघता येतं.

महिनाभराने ते पुढच्या कामाला, कॅप बसवायला आले तेव्हा मी विचारलं. कसं विचारलं ते मुद्दाम सांगते, कारण तुमच्या लेखात या गोष्टीला अर्धी ओळ आहे, "परवानगी घेतल्यास उत्तम". उत्तम काय उत्तम! खुर्चीत असताना विचारलं नाही, तोंडात कापूस असलेला माणूस मान डोलावणारच. बिल देताना नाही, तेव्हा नाही म्हणायला लाज वाटते. डॉक्टरांना विचारू दिलं नाही, कारण ज्याच्या हातात ड्रिल असतं त्याला कोण नाही म्हणतं. डिस्काउंटचं नाव काढलं नाही. पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर बारीक अक्षरात जी एक ओळ असते तिचाही आधार घेतला नाही, तिथे त्यांनी सही केली तेव्हा त्यांना कुठे माहीत होतं की ते पुढे काय लिहिणारेत.

ते घरी गेल्यावर मेसेज केला. त्यात तयार कॅप्शन अख्खं, जसं छापणार तसंच. कुठे टाकणार ते, म्हणजे इन्स्टावर आणि वेटिंग रूमच्या बोर्डवर, बाकी कुठे नाही आणि पैसे देऊन केलेल्या जाहिरातीत तर नाहीच. नाव नाही, फोटो नाही, पण शब्द तुमचेच आहेत त्यामुळे कोणी शोधलं तर मूळ रिव्ह्यूपर्यंत पोचेल, हेसुद्धा लिहिलं. कधीही काढा म्हणालात तर त्याच दिवशी काढू, पण तोवर कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो आमच्या हातात नाही. आणि नाही म्हणालात तरी ट्रीटमेंटमध्ये काही फरक नाही, उत्तर दिलं नाहीत तर आम्ही नाहीच समजू.

चार दिवस काही उत्तर नाही. मग आलं, "हाताचं ठेवा, रडण्याचं आणि शुगरचं नको. पार्किंगचं टाकलं तर बरं होईल." आणि मूळ रिव्ह्यूतून पण त्यांनी त्या दोन ओळी स्वतःच काढून टाकल्या. तो मेसेज तारखेसकट मी जपून ठेवलाय. शेवटी गेलं ते कॅप्शन असं होतं:

"डावा हात वर केलात की मी थांबणार, आणि खरंच दोनदा थांबल्या. दुखलं नाही फारसं. दोन दिवस चावताना जाणवलं मग गेलं. पार्किंगची मात्र बोंब."
एका पेशंटच्या रिव्ह्यूमधून, त्यांना विचारून. सुरुवातीचा काही भाग त्यांच्याच सांगण्यावरून गाळला आहे.
रूट कॅनालच्या आधी आम्ही जागा बधिर करतो, तरी मध्ये काही जाणवलं तर बोलता येत नाही म्हणून हाताची खूण आधीच ठरवतो. नंतर थोडे दिवस चावताना दुखरं वाटू शकतं, प्रत्येकाचं वेगळं असतं. दुखणं किंवा सूज वाढायला लागली तर वाट न बघता फोन करा. पार्किंगचं खरं आहे.

डॉक्टर पार्किंगवरून कुरकुरल्या, दोन दिवस चावताना जाणवलं हे तरी काढ म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, तेच तर ठेवायचंय, त्यामुळेच बाकीचं खरं वाटतं. आधीच्या चमकत्या पोस्टला हार्ट भरपूर आले होते, फोन एकही नाही. या पोस्टला हार्ट मोजून बारा-पंधरा, पण फोनवर लोक विचारतात, "ते हात वर केलं की थांबणारं क्लिनिक तुमचंच ना?" एका बाईंनी तर अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी विचारलं की डावखुऱ्यांनी कुठला हात वर करायचा.

लेखकमहाशयांना एकच विचारायचंय, तुम्ही स्वतः कधी कुठल्या पेशंटचा असा फोन घेतलाय का हो? त्यांच्या "नाव काढले की प्रश्न मिटला" या वाक्याखाली मी पेनाने रेघ मारून ठेवलीये.

आता पत्र लिहायला बसलेच आहे तर अजून एक. मागच्या वर्षी तुम्ही माझं पत्र छापलंत, त्याबद्दल आभार, पण त्यात मी "कदाचित चूक आमचीही असेल" असं लिहिलं होतं आणि तुम्ही "कदाचित" कापून "चूक आमचीही आहे" केलंत. जागा कमी होती म्हणे. एका शब्दाची? शेजाऱ्यांनी महिनाभर पिडलं मला. मी केलं तेव्हा ते कॅप्शन, तुम्ही केलं की ते संपादन!

तर हे पत्र छापायचं असेल तर नाव न टाकता छापा, म्हणजे ते कोच कोणाला सापडायचे नाहीत. त्यांना हे पत्र वाचून दाखवलंय, रडण्याचं आणि शुगरचं इथे चालेल म्हणाले, कॅप्शन मात्र शब्दशः छापू नका, हवं तर तुमच्या भाषेत सांगा, सर्चचं कारण वर लिहिलंच आहे. काही कापायचं असेल तर आधी फोन करा, नंबर पाकिटावर आहे. फक्त सकाळी दहा ते एक करू नका, तेव्हा वेटिंग रूम भरलेली असते आणि मला मोठ्याने बोलता येत नाही.

आपली,
रिसेप्शनवरची एक वाचक