उद्यमबागेतल्या कारखान्याला पाठवायच्या अर्जाबद्दल

खानापूर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या अर्जाचा मसुदा दोनदा वाचला. बेळगावात रविवार पेठेतल्या अडत दुकानात मी इतकी वर्षं दिवाणजी होतो, तेव्हा कामाला माणूस हवा असला की आलेले अर्ज मालकांना मीच वाचून दाखवायचो. पहिल्या तीन-चार ओळींत माणूस काय काम करू शकतो ते कळलं नाही, तर मालक म्हणायचे, "पुढचा घ्या." तू ज्या कारखान्याला लिहिते आहेस तो दोघा भावांचा आहे. तुझा ईमेल त्यांच्यापैकी कुणीतरी मशीनजवळ उभं राहून फोनवर वाचणार. वहिनी हिशेब बघत असतील तर त्याही वाचतील, म्हणून "आदरणीय महोदय/महोदया" असंच लिही.

"मी मेहनती आहे, जीएसटीचं संपूर्ण ज्ञान आहे" ही ओळ काढून टाक. ती प्रत्येक अर्जात असते आणि त्यातून काहीच कळत नाही. त्या जागी कर सल्लागारांकडे शिकाऊ असताना तुला सापडलेली ती चूक लिही. मला फोनवर सांगितलीस तेव्हाच वाटलं होतं, हे यांच्या उपयोगाचं आहे.

कोल्हापूरच्या विक्रेत्याचं वीस हजारांच्या मालाचं बिल होतं, १८ टक्के कराचं. परराज्यातला माल म्हणून त्यावर ३,६०० रुपये आयजीएसटी होता. टॅलीत मात्र कुणीतरी राज्यातल्याच मालासारखी १,८०० सीजीएसटी आणि १,८०० एसजीएसटी अशी नोंद केली होती. दोन्हीकडे बेरीज २३,६०० च, त्यामुळे विक्रेत्याचं खातं जुळत होतं आणि कुणाला संशय आला नाही. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पोर्टलवरचा खरेदीच्या कराचा तक्ता, आल्यावर तू तो वहीशी ताडून पाहिलास, तेव्हा ती रक्कम भलत्याच रकान्यात दिसली. ती तशीच महिन्याच्या ३बी रिटर्नमध्ये गेली असती तर खरेदीवर भरलेल्या कराच्या क्रेडिटचा घोळ झाला असता.

सीमेवरच्या कारखान्यात ही चूक पुन्हा पुन्हा होऊ शकते, कारण कच्चा माल कोल्हापूर-इचलकरंजीकडूनही येतो आणि हुबळीकडूनही. बिलावरच्या पत्त्यावर भिस्त ठेवायची नाही. विक्रेत्याच्या जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे बघायचे, २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने बेळगावच्या गोदामाची वेगळी नोंदणी केली असेल आणि माल तिथून आला असेल, तर नंबर २९ चा असतो, मथळ्यावर कोल्हापूर छापलेलं असलं तरी. मुलाखतीत हे विचारलं तर सावकाश सांग.

जे केलं नाहीस तेही लिही. रिटर्न तू स्वतः भरलेलं नाहीस, ते लपवलंस तर पहिल्याच २० तारखेला, ३बी भरताना, उघडं पडेल. घरच्या धंद्यात पैशाचं काम सोपवताना आधी माणसाचा शब्द पारखतात.

मी असं लिहिलं असतं. बघ, तुझ्या शब्दांत बदल.

विषय: अकाउंट्स असिस्टंट पदासाठी अर्ज (बी.कॉम., टॅली)

"आदरणीय महोदय/महोदया, सादर नमस्कार. आपल्याकडील अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करीत आहे. मी राणी चन्नम्मा विद्यापीठाची बी.कॉम. आहे. कर सल्लागारांच्या कार्यालयात सहा महिने खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत नोंदवणं, बँक स्टेटमेंट जुळवणं आणि २बी शी खरेदी ताडणं ही कामं केली. त्यात आयजीएसटीच्या जागी सीजीएसटी-एसजीएसटी नोंदवलेलं एक बिल वेळीच लक्षात आलं. रिटर्न मात्र स्वतः भरलेलं नाही, ते शिकायची तयारी आहे. मराठी लिहिता-बोलता येतं, कन्नड बोलते, वाचायला थोडा वेळ लागतो. पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून येऊ शकते. बायोडेटा जोडला आहे. आपण सांगाल त्या वेळी भेटायला येईन. आपली विश्वासू,"

खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर. पगाराचा विषय भेटीत निघेल, अर्जात नको. जाहिरात मराठीत होती, म्हणून मराठीतच पाठव. बायोडेटा पीडीएफ कर आणि त्या फाइलला तुझंच नाव दे. आधार आणि पॅनची प्रत जोडू नकोस. नोकरी पक्की झाल्यावर मागतील तेव्हा दे, अनोळखी पत्त्यावर अशी कागदपत्रं सोडायची नाहीत. आणि दहा कारखान्यांना एकाच ईमेलात घालू नकोस, सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसतात.

आधी आपल्या धाकट्याच्या फोनवर पाठवून बघ, जोडलेली फाइल उघडते का ते. मग सकाळी दहाच्या आत त्यांना पाठव. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एक फोन कर, दुपारच्या जेवणाची वेळ टाळून.

आईने नाचणीचं पीठ दळून ठेवलंय. रविवारी आलीस तर घेऊन जा.

तुझे,
अप्पा