फिल्टर विकताना निदान तीन गोष्टी तरी खऱ्या लिहा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पुण्याच्या पूर्वेकडच्या सोसायट्यांमध्ये मी घरगुती वॉटर प्युरिफायरच्या दुरुस्तीचं काम करतो. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या फिल्टर-मेम्ब्रेनच्या संचांविषयी हे पत्र आहे. हे संच घेऊ नका, असं मी सांगणार नाही. त्यातले अनेक चांगले असतात, स्वस्तही पडतात, आणि माणूस ते घरच्या घरी बदलू शकतो. माझी तक्रार आहे ती त्यांच्या वर्णनाविषयी. ‘सर्व आरओ मशीनला चालतो, आयुष्य १२ महिने, बोअरवेल-टँकर-नगरपालिका सर्व पाण्यासाठी’ या ओळीत तीन दावे आहेत आणि तिन्ही एकाच वेळी खरे असणं शक्य नाही. हे कसं, ते एका घरातल्या उदाहरणावरून सांगतो.

या कुटुंबाने हिवाळ्यात असाच एक संच मागवला आणि स्वतःच बसवला. बसवताना काहीच अडलं नाही. मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारी गुंडाळी, जुन्या हाउसिंगमध्ये, म्हणजे तो ज्यात बसतो त्या नळकांड्यात, नीट बसला, पाणीही पूर्वीपेक्षा जोरात येऊ लागलं. उन्हाळा लागेपर्यंत धार बारीक झाली आणि पाण्याला खारट चव येऊ लागली. मला बोलावलं तेव्हा एक लिटरचं भांडं भरायला बारा मिनिटांहून जास्त वेळ लागत होता. नवा असताना तेच भांडं साधारण चार मिनिटांत भरायला हवं. आत येणाऱ्या टँकरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, ९०० मिलिग्रॅम होता आणि शुद्ध झालेल्या पाण्याचा २६०. म्हणजे मेम्ब्रेन जेमतेम ७१ टक्के क्षार अडवत होता. चांगला मेम्ब्रेन नव्वद टक्क्यांच्या वर अडवतो. ऐंशीच्या खाली आला की आम्ही तो बदलायला सांगतो. बाराचे चार महिने कसे झाले?

घरच्यांना वाटलं, माल नकली निघाला. तसं नव्हतं. जुना मेम्ब्रेन दिवसाला ५० गॅलनचा होता आणि नवा १०० गॅलनचा. दोन्हींचा आकार एकच, म्हणून दोन्ही त्याच हाउसिंगमध्ये बसतात, आणि विक्रेता ‘चालतो’ म्हणतो तो एवढ्याच अर्थाने. पण मशीनमध्ये वेस्ट पाण्याच्या नळीवर एफआर नावाचा एक लहानसा भाग असतो. मिनिटाला किती पाणी क्षार घेऊन बाहेर जाणार, हे तो ठरवतो. या मशीनमधला एफआर ३०० मिलिलिटरचा होता. पन्नास गॅलनचा मेम्ब्रेन मिनिटाला सुमारे १३० मिलिलिटर शुद्ध पाणी देतो. त्याच्याशी ३०० चा एफआर जुळतो, कारण आत आलेल्या शंभर लिटरपैकी सत्तरएक लिटर पाणी क्षार घेऊन निघून जातं. शंभर गॅलनचा मेम्ब्रेन मिनिटाला २६० मिलिलिटरच्या आसपास शुद्ध पाणी ओढतो, आणि बाहेर जाणारं पाणी मात्र तेवढंच राहतं. आता शंभरातले त्रेपन्नच लिटर बाहेर जातात, आणि तेवढ्या पाण्याला सगळे क्षार वाहून न्यावे लागतात. त्या टँकरच्या पाण्याचा जडपणा लिटरला ४८० मिलिग्रॅम होता. जुन्या जोडीत वेस्ट पाण्याचा जडपणा ६८५ च्या आसपास राहिला असता, नव्या जोडीत तो ९०० वर गेला. इतक्या जड पाण्यातून कॅल्शियमचा थर मेम्ब्रेनवर बसायला वेळ लागत नाही. मेम्ब्रेन उलगडला तेव्हा पांढरा खरखरीत थर बोटाला लागत होता.

म्हणून ‘कोणत्या मॉडेलला चालतो’ या रकान्यात मशीनच्या ब्रँडचं नाव लिहून भागत नाही. एकाच नावाच्या मशीनमध्ये कंपनी मधल्या काळात पंप, एफआर किंवा जोडणी बदलते. मॉडेल क्रमांक लागतो, आणि जोडणी बदलली असेल तर मशीन कोणत्या वर्षी तयार झालं तेही लागतं. मेम्ब्रेन असेल तर तो किती गॅलनचा आणि त्याच्यासोबत एफआर कितीचा हवा, हे लिहिलं पाहिजे. क्लोरीन अडवणारा कार्बन किंवा गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर असेल तर तो हाउसिंगमध्ये घालायचा दहा इंची आहे की नळीला थेट जोडायचा इनलाइन आहे, हे लिहिलं पाहिजे. इनलाइन असेल तर नळीची जाडीही लागते. यातलं काहीच अवघड नाही. उत्पादकाकडे ही माहिती असतेच.

दुसरा रकाना आयुष्याचा. महिन्यांत दिलेलं आयुष्य वाचायला सोपं असतं, पण फिल्टर दिवस मोजत नाही. त्याच्यातून किती पाणी गेलं आणि त्या पाण्यात काय होतं, यावर तो झिजतो. ‘६००० लिटर’ असं लिहिलेलंही मी पाहतो. ते बरंच म्हणायचं, पण कोणतं पाणी? चौघांचं कुटुंब पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला पंधरा लिटर वापरतं, असं धरू. वर सांगितलेल्या जुन्या जोडीच्या हिशेबाने पंधरा लिटर शुद्ध पाण्यासाठी पन्नास लिटर पाणी मशीनमध्ये जातं. सेडिमेंट आणि पहिला कार्बन फिल्टर मेम्ब्रेनच्या आधी बसतात, त्यामुळे त्यांच्यातून पूर्ण पन्नास लिटर जातात. आकडा शुद्ध पाण्याचा असेल तर फिल्टर ४०० दिवस चालायला हवा. आत येणाऱ्या पाण्याचा असेल तर १२० दिवसांत संपला. वर्ष कुठे आणि चार महिने कुठे! वर्णनात ‘शुद्ध’ की ‘आत येणारं’ हा शब्द नसेल तर ग्राहकाला अंदाज बांधायला काहीच हाती राहत नाही.

यात कार्बन फिल्टरचं दुखणं वेगळं आहे, कारण तो संपल्याचं दिसत नाही. सेडिमेंट फिल्टर पावसाळ्यात गढूळ पाण्याने तपकिरी होतो, धार कमी होते, लगेच कळतं. कार्बन संपला तरी पाणी तसंच वाहतं, टीडीएस मीटरवरचा आकडाही हलत नाही. मात्र त्याने अडवायचं क्लोरीन पुढे मेम्ब्रेनपर्यंत पोहोचतं, आणि आपल्या घरच्या मशीनमधले मेम्ब्रेन क्लोरीन सहन करत नाहीत. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतंच. टँकरमध्ये टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतात, तीही अंदाजाने. क्लोरीनने गेलेला मेम्ब्रेन ओळखायची खूण क्षाराने चोंदलेल्यापेक्षा उलटी आहे. क्षार साचले की टीडीएस वाढतो आणि धार घटते. क्लोरीनने जाळला की टीडीएस वाढतो, पण धार तशीच राहते, कधी कधी वाढतेसुद्धा. लोक या वाढलेल्या धारेने खूश होतात, याचं मला फार वाईट वाटतं. गावाकडच्या वाचकांना पाण्यातलं क्लोरीन तपासायची ग्रामपंचायतीची ओटी टेस्ट माहीत असेल. तीच इथे उपयोगी पडते. कार्बन फिल्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्यात ओटीचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर कार्बन संपला. ते तपासलेलं पाणी अर्थातच फेकून द्यायचं.

मीटर लावून स्वतः तपासणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. मशीनला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो थोडं न गाळलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. तो बंद करून मोजलं नाही तर चांगला मेम्ब्रेनही खराब वाटेल. आणि थंडीत धार आपोआप कमी होते. मेम्ब्रेनचे गॅलन साधारण २५ अंश तापमानाला मोजलेले असतात, आणि पाणी अंशाअंशाने थंड होत गेलं की उत्पादन दर अंशाला सुमारे तीन टक्के घटतं. नाशिक-नागपूरच्या डिसेंबरात पाणी पंधरा अंशांवर आलं तर पाव हिस्सा कमी पाणी मिळणं हा मेम्ब्रेनचा दोष नव्हे.

तिसरा रकाना पाण्याचा. ‘सर्व प्रकारच्या पाण्यासाठी’ हे वाक्य वर्णनातून काढूनच टाकायला हवं. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. जडपणासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. धरणाचं पाणी बहुतेक ठिकाणी यातल्या खालच्या आकड्याच्याही पुष्कळ आत असतं, तिथे मेम्ब्रेनची गरजच नसते. बोअरचं पाणी दोन्ही आकड्यांच्या मधे कुठेही असू शकतं. नुसता टीडीएस सांगूनही पुरत नाही, कारण मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. सहाशे टीडीएसचं एक पाणी मिठामुळे खारं असतं आणि मेम्ब्रेनला फारसा त्रास देत नाही. सहाशेचंच दुसरं पाणी कॅल्शियममुळे जड असतं आणि थर बसवतं. म्हणून टीडीएसची मर्यादा वेगळी, जडपणाची वेगळी, आणि बोअरसाठी विकायचा असेल तर लोहाची वेगळी लिहायला हवी. आमच्या भागात तर एकाच नळाला पावसाळ्यात महापालिकेचं पाणी येतं आणि मार्चपासून टँकरचं. अशा घराने वर्षातल्या सगळ्यात वाईट पाण्याच्या आकड्यांवरून फिल्टर निवडावा. त्यासाठी ते आकडे वर्णनात असायला तर हवेत!

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार, खरेदीआधी विचारपूर्वक निर्णय घेता यावा म्हणून वस्तूची सगळी आवश्यक माहिती देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. फिल्टरच्या बाबतीत ‘आवश्यक’ म्हणजे काय, हे ग्राहक व्यवहार विभागाने स्पष्ट करावं आणि ती माहिती नसलेला फिल्टर विक्रीला ठेवू नये, असं विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना सांगावं, अशी माझी विनंती आहे. तोवर ज्यांची फसगत झाली असेल त्यांनी वर्णनाचा स्क्रीनशॉट जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. विक्रेते नंतर वर्णन बदलतात, म्हणून स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढलेला बरा.

मी सांगतो आहे ते वर्णन फार लांब होत नाही. वरच्या घरासाठी ते असं लिहिता आलं असतं: ‘मेम्ब्रेन, ५० गॅलन, सोबत ३०० मिलिलिटरचा एफआर आवश्यक, खालील मॉडेल क्रमांकांसाठीच, टीडीएस १००० आणि जडपणा ३०० मिलिग्रॅमपर्यंत, त्याहून जड पाण्याला आधी क्षाररोधक काडतूस लावावे, आयुष्य ४००० लिटर शुद्ध पाणी किंवा १२ महिने, जे आधी होईल ते, कार्बन फिल्टर वेळेवर न बदलल्यास हे आयुष्य लागू नाही.’ यातले आकडे मी उदाहरणादाखल दिले आहेत, खरे आकडे उत्पादकाने स्वतःच्या चाचणीतून द्यावेत. असं वर्णन वाचलं असतं तर त्या कुटुंबाने १०० गॅलनचा मेम्ब्रेन घेतलाच नसता, आणि ४८० जडपणाच्या पाण्यासाठी क्षाररोधक काडतूस आधीच बसवून घेतलं असतं.

आपला,
एक वाचक, वाघोली, पुणे