फर्म कंपनीत विलीन होत आहे : ग्राहक व पुरवठादारांसाठी

नमस्कार मंडळी,

1 एप्रिलपासून आपली भागीदारी फर्म नाशिकच्या वितरक कंपनीत विलीन होत आहे. दुकान, माणसं, ठरलेले दर, 45 दिवसांची उधारी सगळं तेच. जुनी येणी-देणी कंपनी जशीच्या तशी घेते आहे, त्यामुळे कुणाचेही पैसे बुडणार नाहीत.

पुरवठादारांनी एवढं नक्की पाहावं: 31 मार्चपर्यंत निघालेल्या मालाचं बिल जुन्या जीएसटी नंबरवर, त्यानंतरचं कंपनीच्या नंबरवर. जुना नंबर पडला तर बिल कंपनीच्या 2बीमध्ये दिसत नाही आणि क्रेडिट अडकतं.

ग्राहकांनो, नवं बँक खातं फक्त छापील बिलावर मिळेल. मेसेजवर खातं आलं तर पैसे पाठवू नका, आधी दुकानात फोन करा.