महसूल मंत्री साहेब, स्टॅम्प ड्युटीचा दर ठरवण्याआधी डिसेंबर 2020 नीट वाचा

मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, स्टॅम्प ड्युटीचा विषय निघाला की कोणीतरी 2020 चं उदाहरण देतंच. 1 सप्टेंबर 2020 ला सरकारने दर 5 वरून 2 टक्के केला, जानेवारी ते मार्च 2021 मध्ये 3 टक्के ठेवला आणि डिसेंबर 2020 मध्ये एकट्या मुंबईत 19 हजारांच्या वर दस्त नोंदले गेले, आदल्या वर्षीच्या डिसेंबरच्या जवळपास तिप्पट. त्यावरून लोक म्हणतात बघा, दर कमी केला की महसूल वाढतो, लॅफर कर्व्ह सिद्ध झाला, म्हणजे दराबरोबर महसूल आधी चढतो आणि एका शिखरानंतर उतरतो असा तो आलेख. मी अर्थशास्त्र शिकवतो आणि मला हे खरंच खटकतं, म्हणून लिहितोय.

आधी हिशोब. समजा एका गावात ड्युटी शून्य असती तर वर्षाला 100 कोटींचे व्यवहार झाले असते आणि दर 1 टक्का वाढला की 5 कोटींचे व्यवहार गळतात (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, राज्याचे नाहीत). दर t टक्के असेल तर महसूल, कोटींमध्ये:

```
R(t) = (t/100) × (100 − 5t) = t − 0.05t²
```

शून्य दराला महसूल शून्य, आणि 20 टक्क्यांना पण शून्य कारण व्यवहारच उरत नाहीत. मधे कुठेतरी शिखर असणार, ते जिथे उतार शून्य होतो तिथे, म्हणजे 1 − 0.1t = 0, t = 10. तिथे महसूल 5 कोटी. आपल्या 5 टक्क्यांना 3.75 कोटी. म्हणजे या गावात दर कमी करून महसूल वाढणारच नाही, आपण शिखराच्या डाव्या बाजूला आहोत.

मग 10 का करत नाही? इथे खरी गंमत आहे. 9 टक्क्यांना महसूल 4.95 कोटी, 10 ला 5. तो शेवटचा एक टक्का लावून सरकारला फक्त 5 लाख जास्त मिळतात आणि त्यासाठी 5 कोटींचे व्यवहार मरतात, म्हणजे कुणाची बदली झाली तरी जुनं घर विकून नवीन घेता येत नाही, कुणी दोन खोल्यांतच राहतं. शिवाय जे उरलेले लोक घर घेतात त्यांच्यावर बोजा वाढतोच. शिखराजवळ महसूल जवळपास सपाट असतो पण लोकांचं नुकसान सपाट नसतं, म्हणून शहाणं सरकार शिखराच्या बरंच अलीकडे थांबतं.

दुसरं कारण म्हणजे दर 1 टक्का वाढला की किती व्यवहार गळतात, तो आकडा कुणालाच नक्की माहीत नसतो, आणि तो वेळेनुसार बदलतो. 2020 मध्ये नेमकं हेच झालं. दर 5 वरून 2 वर आणला तर तेवढाच महसूल यायला व्यवहारांची किंमत अडीच पट व्हायला हवी, 3 वर आणला तर पावणेदोन पटीच्या जवळ. डिसेंबरमध्ये तिप्पट दस्त झाले खरे, पण सवलतीची तारीख सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे जे पुढच्या सहा महिन्यांत घेणार होते त्यांनी आधीच उरकून घेतलं, आणि लॉकडाऊनमध्ये अडकलेले व्यवहारही तेव्हाच सुटले. वर कायद्याने ड्युटी भरून दस्तावर सही केल्यावर नोंदणीला चार महिने मिळतात, म्हणून पैसे एका महिन्यात आणि दस्त दुसऱ्या महिन्यात दिसतो. एक महिना बघून कर्व्हचा आकार काढणं म्हणजे दिवाळीच्या विक्रीवरून वर्षभराचा धंदा ठरवणं.

तिसरी गोष्ट तुमच्याच हातात आहे. पुण्यात घर घेणारा 5 टक्के ड्युटी, 1 टक्का स्थानिक संस्थेचा, 1 टक्का मेट्रोचा असे 7 टक्के भरतो. प्रत्येक जण आपला हिस्सा लावताना आपलं वाढलेलं उत्पन्न बघतो, त्यामुळे बाकी दोघांचे जे व्यवहार गळाले त्याचा हिशोब कुणीच करत नाही. असे तीन हात एकाच खिशात गेले की शिखर ओलांडलं तरी कुणाला कळणार नाही. ओळखायची खूण सोपी आहे, दर 6 चा 7 केल्यावर व्यवहारांची एकूण किंमत सातव्या हिश्श्यापेक्षा जास्त घटली तर समजा एकूण महसूल उलटा कमी होतोय.

म्हणून विनंती एवढीच. सप्टेंबर 2019 ते ऑगस्ट 2022 पर्यंतचे जिल्हानिहाय आकडे ड्युटी भरल्याच्या तारखेनुसार लावून प्रसिद्ध करा, दस्तांची संख्या नको, किंमत हवी, आणि नवीन घर आणि रिसेल वेगळे दाखवा. सवलतीच्या आधीचे आणि नंतरचे महिने एकत्र मोजले की खरी वाढ किती आणि पुढून ओढून आणलेली किती हे दिसेल. ते हातात येईपर्यंत दर वाढवूही नका आणि महसूल वाढेल म्हणून कमीही करू नका, कमी करायचाच असेल तर लोकांना घर बदलणं सोपं जावं म्हणून करा आणि तेवढा महसूल सोडतोय हे उघड सांगा.

आपला,
अर्थशास्त्राचा एक शिक्षक, पुणे