कोऱ्या जागा असलेला करारनामा अपलोड केल्याबद्दल तक्रार

दिनांक : ९ जानेवारी २०२६

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(बांधकाम कंपनी)

विषय : महारेरा संकेतस्थळावरील आपल्या प्रकल्पाच्या विक्री करारनाम्यात प्रत्यक्ष माहिती नसणे, आणि ती भरण्यास ग्राहकाला सांगणे

संदर्भ : बी विंगमधील सदनिका क्र. ६०४ चे माझे बुकिंग

महोदय,

मी गेल्या महिन्यात आपल्या प्रकल्पातील वरील सदनिका ८२ लाख रुपयांना बुक केली आणि बुकिंगपोटी ४ लाख १० हजार रुपये भरले. त्यानंतर आपल्या विक्री प्रतिनिधीकडे मी विक्री करारनाम्याचा मसुदा मागितला. त्यांनी सांगितले, "मॅडम, महारेराच्या साइटवर अपलोड केलाय, तिथूनच डाउनलोड करा." मी तो डाउनलोड केला आणि शेवटच्या पानापर्यंत वाचला. त्यात आपल्या प्रकल्पाचे असे काहीच नाही. सर्वे नंबरच्या जागी रेघ आहे, चटई क्षेत्राच्या जागी रेघ आहे, ताब्याच्या तारखेच्या जागी `[●]` अशी खूण आहे. प्रवर्तक म्हणून कंपनीचे नाव जिथे यायला हवे, तिथेही कोरा कंसच आहे.

हे दाखवल्यावर प्रतिनिधींनी जे उत्तर दिले त्यामुळे हे पत्र लिहावे लागत आहे. ते म्हणाले, "तुमच्याकडे ब्रोशर आहे ना, त्यातून भरून पाठवा, आम्ही सही करून देतो." वर, करारनाम्याच्या आधी आणखी १० टक्के रक्कम भरण्यासही सांगितले.

मी २७ वर्षे बँकेत गृहकर्जाची कागदपत्रे तपासण्याचे काम केले आहे. कोऱ्या जागा असलेला मसुदा पाहून मला धक्का बसत नाही. खरेदीदाराचे नाव, सदनिका क्रमांक, किंमत या जागा संकेतस्थळावरच्या मसुद्यात रिकाम्याच असणार. दर ग्राहकागणिक त्या बदलतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जमीन कोणाची, नकाशा कोणत्या क्रमांकाने आणि कधी मंजूर झाला, प्रकल्प केव्हा पुरा होणार, फरशी-दारे-लिफ्ट कोणत्या प्रतीची, या गोष्टी ग्राहकागणिक बदलत नाहीत. त्या कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत असतात. आपण अपलोड केला आहे तो महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांसोबत आलेला आदर्श नमुना, जसाच्या तसा. याचा सर्वांत ठळक पुरावा मसुद्याच्या सुरुवातीलाच आहे. मूळ नमुन्यात जमिनीवरील हक्काचे पर्याय दिलेले असतात: प्रवर्तकाने जमीन खरेदीखताने घेतली असेल तर एक परिच्छेद, मालकाशी केलेल्या कराराने विकसनाचे हक्क मिळाले असतील तर दुसरा. लागू नसेल तो खोडायचा असतो. आपल्या मसुद्यात काहीच खोडलेले नाही. म्हणजे कागदावर आपली कंपनी एकाच वेळी जमिनीची मालकही आहे आणि दुसऱ्या मालकाकडून हक्क घेतलेली विकसकही.

हा फरक माझ्यासाठी फार मोठा आहे. कंपनी मालक असेल तर करारनाम्यावर विकणाऱ्याच्या बाजूने तिची एकटीची सही पुरते. जमीन दुसऱ्याची असेल, तर मालकाने किंवा त्याच्या कुलमुखत्यारपत्राने कोणी सही करायची, त्याच्या वाट्याला कोणत्या सदनिका आहेत, आणि ६०४ त्यातली तर नाही ना, हे मला कळायला हवे. आपले प्रतिनिधी म्हणाले की सर्च रिपोर्ट काढला की सगळे समजते. तसे नाही. दुय्यम निबंधकांकडचा शोध नोंदणी झालेले दस्त दाखवतो. मालकाशी झालेला नोंदणीबाह्य समजुतीचा करार त्यात दिसत नाही, आणि जमिनीवरून एखाद्या न्यायालयात वाद चालू असेल तर तोही दिसेलच असे नाही. बाहेरून कितीही शोधले तरी हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे ज्याने ती जमीन घेतली. कायद्याने हे उघड करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर टाकली ती याच कारणाने.

आता चटई क्षेत्राचे पाहा, कारण "ब्रोशरमधून भरा" हे सांगणे किती धोक्याचे आहे ते इथे आकड्यात दिसते. ब्रोशरमध्ये ६०४ चे कार्पेट ७४२ चौरस फूट छापले आहे. त्याच पानावरच्या नकाशात दोन बाल्कन्या आहेत, दिवाणखान्याची ११ बाय ४ फुटांची आणि स्वयंपाकघरामागची ५ बाय ४ ची. दोन्ही मिळून ६४ चौरस फूट. रेरा कायद्याच्या व्याख्येत बाल्कनी चटई क्षेत्रात येत नाही. बाहेरच्या भिंतीही येत नाहीत, आतल्या भिंती मात्र येतात. मग ७४२ मध्ये बाल्कन्या धरल्या आहेत की नाहीत? धरल्या असतील तर खरे चटई क्षेत्र ६७८ चौरस फूट, म्हणजे सुमारे ६२.९९ चौरस मीटर. धरल्या नसतील तर ६८.९३ चौरस मीटर. मी खोल्यांची मापे जोडून पाहिली, पण त्यावर आतल्या भिंती मिळवायच्या तर त्यांची जाडी लागते आणि ती ब्रोशरमध्ये दिलेली नाही. तो आकडा आपल्या वास्तुविशारदाच्या टेबलावर आहे. दुसरीकडे कुठेही नाही.

समजा मी प्रतिनिधींचे ऐकून ६८.९३ लिहिले, आणि इमारत उभी राहिल्यावर मोजमाप ६२.९९ निघाले. नमुना करारनाम्याप्रमाणे चटई क्षेत्रात ३ टक्क्यांपर्यंतच फरक चालतो. ६८.९३ चे ३ टक्के म्हणजे साधारण २.०७ चौरस मीटर. इथे तूट जवळपास ५.९४ ची आहे. माझ्या सदनिकेचा दर ब्रोशरच्या आकड्यावर काढला तर चौरस फुटाला सुमारे ११,०५० रुपये पडतो, म्हणजे बाल्कन्यांच्या ६४ चौरस फुटांचेच सात लाखांवर होतात. त्या दिवशी मी तक्रार घेऊन आले, तर "आकडा तुम्हीच भरून आणला होता" हे उत्तर मला मिळेल, आणि माझ्या हस्ताक्षरातला किंवा माझ्या ईमेलवरून आलेला मसुदा पुढे ठेवला जाईल. एकदा नोंदणी झाली की तो आकडा दुरुस्त करायला चूक दुरुस्ती दस्त लागतो, आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. ज्याला फरक मान्य नाही तो त्यावर सही करणार नाही.

ताब्याच्या तारखेचेही असेच आहे. ब्रोशर म्हणते डिसेंबर २०२७. संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची प्रस्तावित तारीख ३० जून २०२८ आहे. प्रतिनिधी म्हणाले, "दिवाळी तुम्ही नव्या घरातच कराल," पण कोणत्या वर्षीची ते त्यांनी सांगितले नाही. उशीर झाला तर व्याज किंवा पैसे परत मागण्याचा कलम १८ चा हक्क करारनाम्यातल्या तारखेवर उभा असतो. नियमाप्रमाणे व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक २ टक्के. हिशेबासाठी मी १० टक्के धरले. त्या वेळेपर्यंत मी ७० टक्के, म्हणजे ५७ लाख ४० हजार भरले असतील, तर महिन्याचे व्याज ४७,८०० रुपयांच्या आसपास आणि या दोन तारखांमधल्या सहा महिन्यांचे २ लाख ८७ हजार होते. जागा कोरी राहिली तर घड्याळ कधी सुरू झाले हेच सिद्ध करत बसावे लागेल. मी अंदाजाने तारीख टाकली तर ती आपण दिलेले वचन नसून माझी इच्छा ठरेल. काम कोणत्या मजल्यापर्यंत आले आहे, कंत्राटदाराशी काय ठरले आहे, कोणत्या परवानग्या यायच्या आहेत, हे जाणणाऱ्यानेच ती तारीख लिहायला हवी.

पैसे भरायच्या खात्याची जागासुद्धा कोरी आहे, आणि प्रतिनिधींनी व्हॉट्सॲपवर एक खाते क्रमांक पाठवला आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के जमीन आणि बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन प्रवर्तकावर आहे. मला पाठवलेले खाते त्या व्यवस्थेतले आहे की नाही हे मी ठरवू शकत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला क्रमांक मी स्वतःच्या हाताने करारनाम्यात लिहावा, ही अपेक्षा मला मान्य नाही.

शिवाय कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. माझ्या बाबतीत ती मर्यादा ८ लाख २० हजार आहे. आपण मागितलेले आणखी १० टक्के त्याच्या पलीकडे जातात, म्हणून ते मी भरणार नाही.

आपल्या प्रतिनिधींना मी दोष देत नाही. तो मुलगा बोलायला चांगला आहे आणि त्याला बहुधा एवढेच सांगितले गेले असेल. पण त्याच्यासमोर त्याच दिवशी एक वयस्कर जोडपे बसले होते. त्या आजोबांनी ब्रोशर उघडून माझ्या डोळ्यांदेखत पेनने कोऱ्या जागा भरायला घेतल्या होत्या. मी त्यांना थांबवले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, कंपनीनेच सांगितलंय, मग चूक कशी होईल?" ते जोडपे त्या विश्वासावर आपल्याकडे आले आहे, आणि त्यांच्या कागदाची जबाबदारी आपली आहे.

माझी मागणी अशी. मला ६०४ साठी कंपनीने स्वतः भरलेला मसुदा हवा, ज्यात जमिनीच्या हक्काचा लागू असलेला एकच परिच्छेद ठेवून बाकीचे खोडलेले असतील. चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये, बाल्कन्यांचे क्षेत्र वेगळे दाखवून, वास्तुविशारदाच्या सहीच्या तक्त्यासह द्यावे. ताब्याची तारीख दिवस-महिना-वर्षासह लिहावी, आणि ती संकेतस्थळावरच्या तारखेपेक्षा वेगळी असेल तर का, ते लिहावे. पार्किंगचा क्रमांक, जागा आणि मापेही त्यात असावीत. आदर्श नमुन्यातून आपण कोणते कलम बदलले आहे, तेही वेगळे दाखवावे. मसुद्याच्या प्रत्येक पानावर कंपनीच्या अधिकृत व्यक्तीची सही व तारीख असावी. माझे नाव, पत्ता आणि पॅन एवढेच मी भरेन, कारण ते माझे आहेत. संकेतस्थळावरचा मसुदाही प्रकल्पाची माहिती भरून बदलावा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत मसुदा न मिळाल्यास मी कलम ३१ खाली महारेराकडे तक्रार दाखल करीन. सोबत डाउनलोड केलेल्या मसुद्याची प्रत, ब्रोशरचे संबंधित पान, संकेतस्थळावरील तारखेची छपाई, व्हॉट्सॲप संदेशाची प्रत आणि बुकिंगची पावती जोडली आहे. मसुदा तयार झाला की मला फोन करा. मी तो आपल्या कार्यालयात बसून वाचेन आणि त्याच दिवशी माझे म्हणणे लेखी देईन.

आपली,
सदनिका क्र. ६०४, बी विंगची बुकिंगधारक