वजाबाकीने वास्तव परतावा निघत नाही : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया यांस,
सादर नमस्कार.

मी वाणिज्य शाखेचा निवृत्त शिक्षक आहे. गेल्या महिन्यात आमच्या भागात बचतीविषयी एक मार्गदर्शन सत्र झाले आणि तिथे वाटलेले एक माहितीपत्रक आमच्या शेजारच्या काकू, पासबुकासह, माझ्याकडे घेऊन आल्या. त्यात सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचा, म्हणजे पीपीएफचा, पाच वर्षांचा हिशेब मांडला होता : रक्कम ४०.९ टक्क्यांनी वाढली, महागाई ३१.८ टक्के झाली, म्हणून खातेदाराचा ‘खरा फायदा’ ९.१ टक्के. काकूंचा प्रश्न साधा होता, की एक लाखावर नऊ हजारांचा खरा फायदा झाला असे समजायचे का. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते का, हे आपल्यापुढे मांडावे आणि त्यावरून एक मागणी करावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी एका वर्षाचा हिशेब पाहू. २०२२-२३ मध्ये पीपीएफचा दर ७.१ टक्के होता आणि ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित सरासरी महागाई ६.७ टक्के होती. समजा, वर्षाच्या सुरुवातीला तूरडाळ १०० रुपये किलो आहे आणि तिचा भाव नेमका महागाईइतकाच वाढतो. माझ्याकडे १०,००० रुपये आहेत, म्हणजे १०० किलो डाळीचे पैसे आहेत. वर्षअखेरीस खात्यात १०,७१० रुपये होतात आणि डाळ १०६.७० रुपये किलो होते. आता या पैशांत १००.३७५ किलो डाळ येते. माझी खरेदीशक्ती ०.३७५ टक्क्याने वाढली; हाच वास्तव परतावा. वजाबाकी मात्र ०.४ टक्के सांगते.

हा फरक कुठून आला, हे डाळीच्या त्याच दुकानात उभे राहून कळते. शंभर किलो डाळ नव्या भावाने घेतली की १०,६७० रुपये खर्च होतात आणि हातात ४० रुपये उरतात. वजाबाकी या ४० रुपयांची तुलना वर्षापूर्वीच्या १०,००० रुपयांशी करते. पण हे ४० रुपये आजचे आहेत; त्यांना डाळ मिळणार ती १०६.७० च्या भावाने, म्हणजे ४०० ग्रॅम नव्हे, ३७५ ग्रॅम. उरलेल्या पैशालाही महागाई लागू होते, आणि वजाबाकी नेमकी तीच गोष्ट विसरते. म्हणून अचूक पद्धत भागाकाराची आहे; तीत दर्शनी दर म्हणजे खात्यावर जाहीर झालेला व्याजदर :

१ + वास्तव दर = (१ + दर्शनी दर) ÷ (१ + महागाई दर)

अर्थशास्त्रात हे समीकरण आयर्विंग फिशर यांच्या नावाने ओळखले जाते. त्यातूनच दुसरे, अधिक सोयीचे रूप निघते : वजाबाकीचे उत्तर घ्या आणि त्याला (१ + महागाई दर) याने पुन्हा भागा. ०.४ ला १.०६७ ने भागले की ०.३७५ येते. ज्याला वजाबाकीची सवय आहे त्याने ती सोडावी असे माझे म्हणणे नाही. तिच्यापुढची ही एक पायरी गाळू नये, एवढेच म्हणणे आहे.

एका वर्षाच्या हिशेबात ही पायरी गाळली तर फारसे बिघडत नाही, आणि घाईच्या तोंडी अंदाजासाठी वजाबाकी चालते, हे मी मान्य करतो. पण माहितीपत्रकातली चूक पाच वर्षांच्या एकत्रित आकड्यांवर केलेली आहे आणि तिथे भाजक १.०६७ राहत नाही. २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांत पीपीएफचा दर ७.१ टक्केच राहिला. सरासरी महागाई अनुक्रमे ६.२, ५.५, ६.७, ५.४ आणि ४.६ टक्के होती. १ एप्रिल २०२० रोजी भरलेले १,००,००० रुपये पाच वर्षांनी सुमारे १,४०,९१२ झाले. महागाईचे पाच गुणक एकमेकांशी गुणले की सुमारे १.३१८ येतात, म्हणजे जी खरेदी आधी एक लाखात होत होती तिला आता १,३१,८०० रुपये लागतात. दोन्हींतला फरक ९,११२ रुपये हा खरा आहे, पण तो २०२५ च्या रुपयांतला आहे. त्याला १.३१८ ने भागले की २०२० च्या रुपयांत सुमारे ६,९१४ रुपये होतात. काकूंचा खरा फायदा ९.१ टक्के नसून ६.९ टक्के आहे. माहितीपत्रकाने तो जवळजवळ एक तृतीयांशाने फुगवला आहे. वर्षाकाठी पाहिले तर वास्तव दर सुमारे १.३५ टक्के पडतो. ९.१ ला पाचने भागणाऱ्याला तो १.८२ टक्के वाटेल, आणि त्याच भरवशावर तो वीस वर्षांचे नियोजन करील.

इथे माझ्या हिशेबाची एक मर्यादा सांगायला हवी. वार्षिक सरासरी महागाई ही एका वर्षाच्या सरासरी निर्देशांकाची मागच्या वर्षाच्या सरासरीशी तुलना असते. ठेव ज्या महिन्यात भरली आणि ज्या महिन्यात तपासली, त्या दोन महिन्यांचे निर्देशांक घेऊन भागाकार केला तर उत्तर थोडे वेगळे येते, आणि काटेकोर हिशेबासाठी तेच घ्यावे. शिवाय निर्देशांक ही सर्वांची सरासरी आहे. ज्यांचा निम्मा खर्च औषधांवर होतो त्यांची महागाई वेगळी असते. पण या दोन्ही अडचणी महागाई मोजण्याच्या आहेत. भागाकाराऐवजी वजाबाकी केल्याने त्या सुटत नाहीत.

वजाबाकी दरवेळी फायदा फुगवतेच असेही नाही. महागाई व्याजदरापेक्षा जास्त असेल तर ती तोटा फुगवते. तुर्कस्तानात डिसेंबर २०२२ मध्ये वार्षिक महागाई ६४.२७ टक्के होती. त्या वर्षात कुणाला ९ टक्के व्याज मिळाले असेल, तर वजाबाकीने त्याची ५५ टक्के खरेदीशक्ती गेली असे दिसते. भागाकाराने ती ३३.६ टक्के गेली.

करपात्र ठेवींच्या बाबतीत क्रमही महत्त्वाचा आहे. कर दर्शनी व्याजावर लागतो, वास्तव परताव्यावर नाही. म्हणून कर आधी वजा करायचा आणि भागाकार नंतर. ३० टक्के कर भरणाऱ्याला ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीवर, उपकर सोडून, ४.९ टक्के उरतात. २०२३-२४ ची ५.४ टक्के महागाई धरली तर वास्तव परतावा उणे ०.४७ टक्के येतो.

अमेरिकेच्या कोषागाराने आपल्या महागाईशी जोडलेल्या ‘आय बाँड’ या बचत रोख्याच्या व्याजसूत्रात स्थिर दर आणि महागाई यांची नुसती बेरीज केलेली नाही, तर दोन्हींच्या गुणाकाराचे पदही त्यात घातले आहे. वजाबाकी विसरते ते हेच पद. ते फार लहान असते, तरी सूत्रात ते लिहिलेले आहे.

आपले मंत्रालय दर तिमाहीला अल्पबचत योजनांचे दर जाहीर करते. माझी विनंती अशी, की त्या तक्त्यात मागील एक आणि पाच वर्षांचा वास्तव परतावा दाखवणारे दोन रकाने असावेत, ते भागाकाराने काढलेले असावेत, आणि कोणत्या महिन्यांचे निर्देशांक घेतले हे तळटीपेत दिलेले असावे. तसेच शासकीय निधीतून होणाऱ्या बचत मार्गदर्शनाच्या साहित्यात अनेक वर्षांच्या एकत्रित टक्क्यांची वजाबाकी छापली जाऊ नये, अशी स्पष्ट सूचना द्यावी. काकूंच्या त्या पत्रकावर मी ९.१ खोडून पेनाने ६.९ लिहून दिले आहे. बाकीच्या प्रती ज्यांच्या घरी गेल्या, त्यांच्यापर्यंत मी पोहोचू शकत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वाणिज्य शिक्षक