कंपनीबद्दल ऑनलाइन लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी एका पानाचे परिपत्रक: ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

हिंगणा एमआयडीसीतील छोट्या कारखान्यांसाठी मी कार्यालयीन परिपत्रके लिहून देतो. त्यांतले सर्वांत अवघड निघाले ते सर्वांत लहान, म्हणजे समाजमाध्यमांवर आपल्या कंपनीबद्दल कर्मचाऱ्यांनी काय व कसे लिहावे हे सांगणारे.

उदाहरण म्हणून कूलर बनवणारा एखादा कारखाना घ्या. एप्रिल लागला की विक्री विभागातला मुलगा फेसबुकवर लिहितो, "हा कूलर घेतला, नागपूरच्या उन्हातही खोली गार." तो तिथेच नोकरीला आहे, हे वाचणाऱ्याला कळत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राने 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस करणाऱ्याचा उत्पादकाशी असलेला जो संबंध वाचकाला अपेक्षित नसतो आणि ज्याने शिफारशीचे वजन बदलते, तो उघड करावा लागतो, आणि नोकरी हा तसाच संबंध आहे.

म्हणून मी परिपत्रकाचे पहिलेच वाक्य असे ठेवतो: "कंपनीच्या मालाबद्दल लिहिताना 'मी या कंपनीत काम करतो' हे त्याच पोस्टमध्ये, सुरुवातीलाच आणि पोस्टच्याच भाषेत लिहावे." प्रोफाइलमध्ये कंपनीचे नाव असणे पुरेसे नाही, कारण पुढे पाठवलेल्या पोस्टबरोबर प्रोफाइल जात नाही. हॅशटॅगच्या गर्दीत दडवलेला उल्लेखही कामाचा नाही. खरेदीच्या संकेतस्थळांवर स्वतःच्या कंपनीच्या मालाला तारे देऊच नयेत, हे मी वेगळ्या वाक्यात सांगतो.

खरी अडचण मात्र कर्मचाऱ्याकडून क्वचितच येते. साहेबच प्रत्येकाला पाच-पाच अभिप्रायांचे टार्गेट देतात आणि मजकूरही व्हॉट्सॲपवर पाठवतात. मग एकाच दुपारी, जवळपास त्याच शब्दांत, दुसऱ्या कशावरही कधी न लिहिलेल्या खात्यांवरून स्तुती उमटते, आणि ती ओळखायला फार हुशारी लागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 21 खाली उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यासाठी परिपत्रकात वरिष्ठांनाही बांधणारे वाक्य हवे: "अभिप्राय लिहिण्यास कोणीही कोणास सांगू नये."

काही मालक याच कागदावर "कंपनीविरुद्ध काहीही लिहू नये" असे घुसडू पाहतात. ग्राहकांची यादी, न निघालेल्या मालाचे आराखडे किंवा निविदेचे दर गुप्त ठेवायला सांगणे रास्त आहे. पण थकलेल्या पगाराबद्दल किंवा यंत्राला नसलेल्या गार्डबद्दल बोलण्यावर बंदी घालण्याची ही जागा नव्हे, असे माझे मत आहे.

आपल्या विभागाने असा एका पानाचा मराठी नमुना तयार करून हिंगणा व बुटीबोरीच्या औद्योगिक संघटनांमार्फत कारखान्यांना द्यावा, आणि उन्हाळी मालाची विक्री सुरू होण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीअखेर, तो सूचनाफलकांवर लागेल असे पाहावे, ही विनंती.

आपला,
परिपत्रके लिहिणारा एक नागपूरकर